तपन, पाणी आणि बरळणारा माणूस

एप्रिल लागला की आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक कागद चिकटतो. उन्हात काम करणाऱ्या मजुरांसाठी सूचना असते. भरपूर पाणी प्या, मधूनमधून सावलीत विश्रांती घ्या, त्रास झाल्यास दवाखान्यात जा. तिन्ही गोष्टी बरोबर आहेत. पण मी उपकेंद्राचा आरोग्य सेवक म्हणून गेली कित्येक वर्षं उन्हाळ्यात कामावर फिरतो, आणि तो कागद वाचूनही माणसं कशी पडतात ते पाहिलं आहे. भरपूर म्हणजे किती, मधूनमधून म्हणजे केव्हा आणि त्रास म्हणजे नेमकं काय, हे कागदावर नसतं. तेच इथं लिहितो.

सुरुवात एका माणसापासून करतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून समजेल.

नाला खोलीकरणाचं काम होतं, एप्रिलचा शेवटचा आठवडा. बावीस माणसं, त्यात बाया जास्त. त्यांच्यात एक अठ्ठावीसेक वर्षांचा गडी होता. धडधाकट, बापाच्या शेतात लहानपणापासून राबलेला. पण गेलं वर्षभर तो पुण्याकडं एका गोदामात कामाला होता आणि चुलतभावाच्या लग्नासाठी गावी आला होता. लग्न उरकलं, चार दिवस रिकामे होते, म्हणून भावासोबत कामावर आला. तो त्याचा दुसरा दिवस. आदल्या रात्री झोप नाही, सकाळपासून दोनदा पोट बिघडलेलं. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

सात वाजता काम सुरू झालं. साडेदहाला त्याच्या पोटरीत गोळा आला. खाली बसून चोळला आणि परत उठला. सव्वाअकराला सख्ख्या भावाशी एका घमेल्यावरून भांडला आणि हातातलं फावडं फेकून दिलं. थोड्या वेळानं चपला तिथंच टाकून अनवाणी पायानं नाल्याच्या काठाकाठानं भलतीकडंच चालू लागला. "काहून रे, कोठी चालला?" भावानं हाक मारली, तर उत्तर असं काही आलं की कोणाला कळलं नाही. दोघंतिघं म्हणाले, रात्रीची उतरली नसंल. पाच मिनिटांत तो पडला.

मी त्या दिवशी शेजारच्या वस्तीवर लसीकरणाला होतो. बोलावणं आलं आणि गाडीवर दहा मिनिटांत पोचलो. त्याला बाभळीखाली निजवलं होतं, तोंडावर पाणी मारत होते, एक बाई कांदा हुंगवत होती. अंग घामानं थबथबलेलं. "घाम येते ना त्याले, मंग ऊन कसं लागलं?" असं एकानं मला विचारलं. हा प्रश्न लक्षात ठेवा, त्यावर पुढं येतो.

आपलं शरीर म्हणजे कूलर

विदर्भात घरोघरी कूलर आहे, म्हणून हे समजावणं आपल्याकडं सोपं जातं. कूलर हवा गार कशी करतो? ताट्यांवर पाणी पडतं, पंखा वारा ओढतो, पाणी वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. शरीर हेच करतं. घाम म्हणजे ताटीवरचं पाणी. एक लिटर घाम अंगावरून पूर्ण वाळला तर तो जवळपास सात लिटर पाणी उकळीला आणायला लागेल इतकी उष्णता अंगातून काढून नेतो. मे महिन्यात आपण तगून राहतो ते या एका गोष्टीवर. कारण हवा ४४ अंशांवर गेली की ती कातडीपेक्षा गरम असते. मग वारा अंगाला गार करत नाही, उलट तापवतो. घाम वाळणं एवढीच एक वाट उरते.

बातम्यांत सांगतात तो आकडा सावलीतला असतो, हेही ध्यानात घ्यावं. हवामान खातं तापमापी झरोक्यांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतं, तिच्यावर ऊन पडू देत नाही. तुम्ही खणत असता त्या नाल्यात डोक्यावर ऊन असतं, खालून मुरूम तापलेला असतो आणि दोन्ही बाजूंच्या काठांनी वारा अडवलेला असतो. बातमीतले ४४ तुमच्या जागेवरचे ४४ नव्हेत.

आता कूलर कशानं बंद पडतो ते पाहा. टाकीतलं पाणी संपलं तर. वारा अडला तर. आणि हवेत ओल आली तर. मृग लागतो, पहिला पाऊस पडून जातो, पारा ४१ वर उतरतो, तरी कूलर नुसता चिकचिक करतो आणि घरात बसवत नाही, हा अनुभव सगळ्यांना आहे. शरीराचंही त्या दिवसांत तेच होतं. घाम धारांनी गळतो पण वाळत नाही, आणि गळून गेलेला घाम काही कामाचा नसतो. म्हणून नवतपा संपला, आता भीती नाही, असं समजू नका. पाऊस येऊन परत ऊन पडलं की पेरणीच्या घाईतले ते आठ-दहा दिवस पारा कमी दाखवूनही वाईट असतात.

आणखी एक फरक आहे, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. कूलरच्या आत कोणी चूल पेटवत नाही. काम करणाऱ्या माणसाच्या आत ती पेटलेली असते. कुदळ मारताना स्नायू जेवढी ताकद खर्च करतात त्यातली पाऊण किंवा त्याहून जास्त उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणून त्याच उन्हात बाजाराला चालत गेलेला म्हातारा घरी येतो आणि तिशीचा गडी पडतो. पाणी पिऊन टाकी भरते, पण चूल विझत नाही. चूल विझते फक्त हात थांबवल्यावर. "मी तर तांब्याभर पाणी पिलो होतो" असं सांगणारा माणूसही का पडतो, त्याचं उत्तर इथं आहे. पाणी आणि विश्रांती ही दोन वेगळी कामं आहेत, एकाच्या बदल्यात दुसरं चालत नाही.

पाणी किती आणि कुठं

उन्हात अंगमेहनत करताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. तहान त्याच्या मागून येते, बरोबर येत नाही. तहान लागेपर्यंत टाकी बरीच खाली गेलेली असते. म्हणून तहानेवर नको, घड्याळावर प्यावं. दर वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे पाव लिटर. तासाला पाऊण लिटर झालं. एकदम तांब्या घशात ओतण्यापेक्षा हे पोटाला झेपतं आणि अंगी लागतं. ऊन फार असेल तर तासाला एक लिटरपर्यंत जा, पण दीड लिटरच्या पुढं साधं पाणी तासामागून तास पीत राहू नये. रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, उलटी होते आणि माणूस त्यानंही भ्रमिष्ट होऊ शकतो. असं क्वचित होतं, पण होतं.

मिठाचं म्हणाल तर भाकर, ठेचा, लोणचं खाऊन आलेल्या माणसाला मिठाच्या गोळ्यांची गरज नाही. कामाचे तीन-चार तास झाले, कपड्यांवर पांढरे डाग दिसायला लागले, तर ओआरएसची एक पुडी एक लिटर पाण्यात, किंवा मीठ घातलेलं ताक, पन्हं, आंबील. पुडी नसली तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं जास्त टाकू नका. रक्तदाबाची, मूत्रपिंडाची किंवा हृदयाची औषधं चालू असतील त्यांनी मीठ आणि पाणी दोन्हीचं डॉक्टरांना आधी विचारून घ्यावं. लघवी जास्त करवणारी गोळी घेत असाल तर हे मुकादमाला नक्की सांगून ठेवा.

आता हिशेब. सहा तास काम म्हणजे माणशी साडेचार ते पाच लिटर. बावीस माणसांना शंभर-एकशेदहा लिटर नुसतं प्यायला. वीस लिटरच्या दोन कॅनी आणून "पाणी ठेवलं आहे" म्हणणं म्हणजे दहा वाजता कोरडं पडणं. त्या दिवशी तेच झालं होतं. साडेदहानंतर ज्याला तहान लागेल तो अर्धा किलोमीटर दूर विहिरीवर जात होता, म्हणजे खरं तर कोणीच जात नव्हतं. पाणी हाकेच्या अंतरावर हवं, सावलीत हवं, गार हवं. माठाला ओलं पोतं गुंडाळून मांडवात ठेवला की पुरतं. गरम पाणी माणूस दोन घोट पितो आणि ठेवतो, गार असलं की पेला संपवतो.

एक गोष्ट फलकावर कधीच लिहिलेली नसते, म्हणून इथं लिहितो. बाया पाणी कमी पितात. तहान नसते म्हणून नाही. लघवीला जायला आडोसा नसतो म्हणून. उघडा माळ, झाडं छाटलेली, चहूकडं गडीमाणसं, मग त्या सकाळपासूनच हात आखडता घेतात. कितीतरी जणींनी मला हे हळू आवाजात सांगितलं आहे. अशा ठिकाणी पाण्याचे दहा ड्रम ठेवले तरी उपयोग नाही. चार बांबू आणि एक जुनी ताडपत्री लावून आडोसा केला की त्याच बाया पोटभर पाणी पितात. मुकादमांनो, पाण्याच्या सोयीत हा आडोसा धरा.

आणि "तपनीतून आल्या आल्या पाणी पिऊ नये" ही जुनी समजूत. मिनिटभर टेका, हळूहळू प्या, जोडीला गुळाचा खडा घ्या, छान आहे. पण त्या समजुतीपायी तहानलेल्या माणसाला पाणी नाकारू नका.

विश्रांतीचा हिशेब, आणि नवा माणूस

भर दुपारचं काम टाळणं हा पहिला उपाय, आणि तो आपल्या लोकांना कोणी शिकवायची गरज नाही. तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बाया उजाडायच्या आत जंगलात असतात. सकाळी सहा ते अकरा आणि मग चारनंतर, अशी कामाची वेळ बांधली तर निम्मा धोका गेला. पण सकाळच्या त्या पाच तासांतही थांबे लागतात. मी सांगतो ते असं. दहा वाजेपर्यंत दर तासाला दहा मिनिटं. दहानंतर, खोदकाम किंवा दगड-माती वाहणं असेल तर, पाऊण तास काम आणि पंधरा मिनिटं सावली. पारा ४२ च्या पुढं गेला तर जड काम त्या दिवसापुरतं बंद. बसून करायचं, हलकं, सावलीतलं काम असेल तर ते करावं.

अडचण कुठं येते ते मला ठाऊक आहे. मजुरी मापावर असते. जेवढं खोदाल तेवढे पैसे, जेवढे पुडे तेवढे पैसे. मग पंधरा मिनिटं बसणारा मागं पडतो आणि कोणी बसत नाही. ज्याला जास्त गरज तो सगळ्यात कमी बसतो. म्हणून विश्रांती ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडून चालत नाही. मुकादमानं शिट्टी मारायची आणि सगळ्यांनी एकदम बसायचं. सगळे बसले की कोणी मागं पडत नाही. ज्या कामावर शिट्टी आहे तिथं दहा वर्षांत मला कोणाला उचलून न्यावं लागलेलं नाही.

बसायचं ते टिनाखाली नाही. तापलेलं टिन वरून भट्टीसारखं शेकतं. कडुनिंबाची, मोहाची सावली उत्तम. झाड नसेल तर पळसाच्या डहाळ्यांचा मांडव घाला, चारी बाजू मोकळ्या ठेवा. बसल्यावर दुपट्टा, शेला भिजवून डोक्या-मानेवर घ्या, कोपरापर्यंत हातांवर पाणी ओता. भिजलेल्या अंगाला वारा लागला की कूलर परत चालू होतो.

आता नव्या माणसाचं. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचा आहे, कारण पडणाऱ्यांत पहिल्या काही दिवसांतली माणसंच फार असतात. उन्हाची सवय ही नुसती मनाची गोष्ट नाही. आठ ते चौदा दिवस उन्हात काम केलं की शरीर आतून बदलतं. घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो, घामातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं, हृदयाचे ठोके कमी पडतात. हे सगळं कमावलेलं असतं, आणि आठवडाभर उन्हाबाहेर राहिलं की उतरू लागतं. "माझा जन्म याच मातीतला, मले काय होते?" हे वाक्य म्हणून धोक्याचं आहे. पुण्याच्या गोदामात वर्ष काढलेल्या त्या गड्याचं शरीर ऊन विसरलं होतं. त्याचं मन मात्र विसरलं नव्हतं, म्हणून तो भावाच्या बरोबरीनं कुदळ मारत राहिला.

नियम असा धरा. अगदी नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातल्या कामाचा पाचवा हिस्सा, मग रोज तेवढाच वाढवायचा. पाच तासांच्या सकाळीत पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, पाचव्या दिवशी पूर्ण. उरलेला वेळ पाणी देणं, हत्यारं सांभाळणं, मुलांकडं पाहणं अशी सावलीतली कामं. जो जुना आहे पण लग्नासाठी, दुखण्यासाठी आठ-पंधरा दिवस गेला होता, त्याला पहिल्या दिवशी निम्मं, दुसऱ्या दिवशी थोडं जास्त, चौथ्या दिवशी पूर्ण. आणि रोज सकाळी मुकादमानं विचारायचंच: ताप, जुलाब, उलटी, झोप, रात्रीची दारू. यातलं एक जरी "हो" असेल तरी त्या दिवशी हलकं काम. आमच्या गड्याचं त्यात दोनदा "हो" होतं.

ओळखायचं कसं

पोटरीत, पोटात गोळे येणं ही पहिली खूण. पाणी-मीठ कमी पडतंय, थांबा, असं शरीर सांगतं. अशा माणसानं सावलीत बसून ओआरएस प्यावं आणि निदान काही तास परत कुदळ धरू नये. गोळा चोळून उठणं ही चूक, जी साडेदहाला झाली.

दुसरी पायरी गळून जाण्याची. चक्कर, डोकेदुखी, मळमळ, फिकट चेहरा, भरपूर घाम, जलद नाडी. लघवी गडद पिवळी, चहाकडं झुकणारी, किंवा सकाळपासून झालेलीच नाही. रक्त कातडीला गार करायलाही हवं आणि स्नायूंनाही हवं, पाणी कमी झाल्यानं ते दोघांना पुरत नाही, म्हणून हे होतं. पण हा माणूस तुमच्याशी नीट बोलतो. त्याला सावलीत पाय उंच करून निजवा, कपडे सैल करा, अंग भिजवा, घोटघोट ओआरएस द्या. अर्ध्या तासात उतार पडायला हवा. नाही पडला, किंवा उलट्या थांबत नसतील, तर दवाखाना. बरं वाटलं तरी त्या दिवशीचं काम संपलं, दुसऱ्या दिवशीही घरी.

तिसरी पायरी उष्माघाताची, आणि ती ओळखण्याची खूण एकच धरा: डोकं ठिकाणावर नसणं. शरीराच्या आतला ताप ४० अंशांच्या पुढं गेला की मेंदू आधी बिघडतो. माणूस उगाच चिडतो, हत्यार फेकतो, भलतं बोलतो, वाट सोडून चालतो, झिंगल्यासारखा झोकांड्या खातो, मग झटका येतो किंवा शुद्ध हरपते. ज्याला हे होतं त्याला स्वतःला कळत नाही, कारण कळणारा मेंदूच बिघडलेला असतो. तो "मी बरा आहो" असंच म्हणतो. म्हणून कामावर जोड्या लावा, एकानं दुसऱ्याकडं पाहायचं. शंका आली की तीन गोष्टी विचारा. आज वार कोणता? सकाळी काय खाल्लं? सरळ रेषेत दहा पावलं चालून दाखव. एक जरी चुकलं तरी उष्माघात समजूनच पुढं जा. पिलेला आहे, अंगात आलं आहे, ही चर्चा नंतर करता येते. दारू पिलेल्या माणसाला तर ऊन आणखी लवकर लागतं.

आता तो घामाचा प्रश्न. उष्माघातात अंग कोरडं पडतं असं आपण ऐकत आलो आहोत. घरात, खाटेवर पडून राहणाऱ्या म्हाताऱ्यांना ऊन लागतं तेव्हा ते बहुतेक खरं असतं. पण काम करता करता पडलेल्या माणसाचं अंग ओलंचिंब असू शकतं. घाम गळतो, पण आतली चूल त्याहून जोरात असते. त्यामुळं घाम पाहून निश्चिंत होऊ नका. काखेतल्या थर्मामीटरवरही विसंबू नका. घामानं कातडी गार पडलेली असते, ते कमीच दाखवतं.

पहिला अर्धा तास

इथं क्रम महत्त्वाचा आहे. आधी गार करायचं, मग न्यायचं. आपली सवय उलटी असते. माणूस पडला की मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्याकडं पळवतात. वाटेतली चाळीस मिनिटं त्याचा मेंदू, यकृत, मूत्रपिंड आत शिजत असतात. पडल्यापासून अर्ध्या तासात ताप ३९ च्या खाली आला तर माणूस बहुधा वाचतो. आणि ते काम दवाखान्यापेक्षा जागेवर लवकर होतं, कारण त्याला लागतं फक्त पाणी.

एकानं १०८ ला फोन लावायचा. बाकीच्यांनी सावलीत आणून अंगावरचे कपडे काढायचे, बाई असेल तर बायांनी चादरीचा आडोसा धरायचा, पण लाजेपायी थांबायचं नाही. मग नुसत्या तोंडावर नाही, डोक्यापासून पायापर्यंत सतत पाणी ओतायचं आणि दोघांनी पोत्यानं, टोपल्यानं, हाताला येईल त्यानं वारा घालायचा. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत. आणि आपल्याकडं प्रत्येक शेतकऱ्याकडं असते ती ताडपत्री यासाठी सगळ्यात चांगली. माणसाला तिच्यावर मधोमध निजवायचं, चौघांनी कडा धरून उचलायच्या म्हणजे झोळीसारखा खोलगट भाग होतो, त्यात पाणी ओतायचं आणि हळूहळू हिंदकळवत राहायचं. एकानं फक्त डोकं वर धरायचं, नाकातोंडात पाणी जाता कामा नये. उलटी झाली तर कुशीवर वळवायचं.

शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाण्याचा थेंब घालू नका, तो फुप्फुसात जातो. तापाची गोळी देऊ नका. हा ताप जंतूंचा नाही, गोळी उतरवत नाही आणि यकृताला आणखी ताण देते. कांदा, जोडा हुंगवण्यात जाणारी दोन मिनिटं पाणी ओतण्यात घाला.

आमच्याकडं त्या दिवशी प्यायचं पाणीच उरलं नव्हतं. शेजारच्या शेतातली फवारणीची टाकी भरून ठेवलेली होती, नशिबानं त्यात औषध टाकलेलं नव्हतं. ती ओतली, मग ट्रॅक्टरवरून विहिरीचं पाणी आलं. वीस-बावीस मिनिटांनी तो कुडकुडायला लागला आणि आईचं नाव विचारलं तर बरोबर सांगितलं. तिथं ओतणं थांबवलं. पुढं दवाखान्यात पाच दिवस राहिला, मूत्रपिंडांवर ताण आला होता तो उतरला. डॉक्टरांनी त्याला त्या उन्हाळ्यात परत उन्हातलं काम करू दिलं नाही, आणि ते बरोबर होतं. एकदा उष्माघात झालेलं शरीर कित्येक आठवडे कच्चं असतं.

म्हणून पिण्याच्या पाण्याशिवाय एक ड्रम वेगळा, दोनशे लिटरचा, सावलीत, झाकलेला. त्याला कोणी हात लावायचा नाही. शेजारी घडी केलेली ताडपत्री आणि दोन बादल्या. आणि त्या ड्रमवर खडूनं मोठ्या अक्षरांत कामाची जागा लिहून ठेवा: गाव, तालुका, कोणत्या फाट्यावरून आत, किती किलोमीटर, जवळची खूण कोणती. १०८ वर पहिला प्रश्न "कुठं आहात" हाच येतो, आणि घाबरलेला माणूस "नाल्यावर" एवढंच सांगतो. आमची गाडी वीस मिनिटं दुसऱ्या नाल्यावर उभी होती. आता फोन करणारा ड्रमवरचं वाचून दाखवतो आणि एक पोरगं सायकल घेऊन फाट्यावर उभं राहतं.